मुंजाला बोल लावा, पण 'कोणी?' विचारू नका

ऑफिसात सुखानं नांदायचं असेल तर मेल वाचताना एक पथ्य पाळा. क्रियापदापाशी थांबू नका. वरून खाली नजर फिरवा, 'दिलगिरी' दिसली की मेल मिटवा आणि चहाला जा. क्रियापदापाशी रेंगाळून 'हे केलं कोणी?' असं विचारायची खोड ज्याला लागली, त्याचं काही खरं नाही.

समजा, मार्चचा पगार झाला. मार्चमध्ये रुजू झालेल्यांना छदामही मिळाला नाही आणि फेब्रुवारीअखेर नोकरी सोडून गेलेल्यांच्या खात्यात मात्र रक्कम जमा झाली. दुपारी एचआरचा मेल येतो:

"पगाराच्या फाइलमध्ये काही त्रुटी राहून गेल्याचे निदर्शनास आले आहे. अनवधानाने फेब्रुवारीची फाइल अपलोड करण्यात आली होती. वित्त विभागाने तातडीने पावले उचलून सुधारित फाइल बँकेकडे पाठवली आहे. संबंधितांना योग्य त्या सूचना देण्यात आल्या आहेत. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे."

सज्जन माणसाला यात काहीच खटकणार नाही. खोडकराला लगेच दिसतं, की पाच वाक्यांत हाडामांसाचा कर्ता एकाच ठिकाणी आहे. फाइल दुरुस्त केली ती वित्त विभागानं. चुकीची फाइल मात्र आपोआप चढली. त्रुटी आपल्या पायांनी आल्या आणि राहून गेल्या. दिलगिरीसुद्धा कुणाला वाटत नाही, ती नुसती व्यक्त होते.

आता बँकेच्या पोर्टलवर पगाराची फाइल कशी चढते, हे तुम्हाला माहीत असेल तर कृपया विसरून जा. बऱ्याच कंपन्यांत एकजण ती चढवतो, त्याला 'मेकर' म्हणतात. दुसरा ती तपासून मंजूर करतो, तो 'चेकर'. दोघांचे लॉगिन वेगळे आणि कोणी किती वाजता बटण दाबलं याची नोंद पोर्टलवर असते. म्हणजे चूक एकाची नव्हे, दोघांच्या हातांखालून गेली, आणि दोन्ही नावं कंपनीला ठाऊक आहेत. 'अनवधान' नावाच्या गृहस्थाचं मात्र पोर्टलवर खातं नाही.

तरी शंका छळतच असेल, तर क्रियापदाच्या आधी 'पिंपळावरच्या मुंजाकडून' असं घालून पाहा. "पिंपळावरच्या मुंजाकडून फेब्रुवारीची फाइल अपलोड करण्यात आली होती." वाक्य कुठे अडखळलं नाही? मग खरा कर्ता गाळलेला आहे. "वित्त विभागाने मुंजाकडून पाठवली" म्हणून बघा, लगेच दाताखाली खडा येतो, कारण ती जागा भरलेली आहे.

कुठल्याशा कार्यशाळेत शिकलेला 'कर्मणी टाळा' हा मंत्र इथे जपत बसू नका. इंग्रजीचा नियम आहे तो. आपल्याकडे 'रामाने आंबा खाल्ला' हाही शाळेच्या व्याकरणात कर्मणी प्रयोगच, आणि त्यात राम रंगेहाथ पकडला गेलाय. उलट 'चूक झाली' हा चक्क कर्तरी. त्यात कर्ता आहे ती चूकच! 'माझ्याकडून चूक झाली' म्हणणाराही लपत नाही. तेव्हा प्रयोग ओळखायच्या फंदात न पडता माणूस शोधावा. म्हणजे, शोधू नये.

प्रत्येक 'करण्यात आले' गुन्हेगार नसतं, हेही मान्य करू. 'लिफ्ट दुरुस्त करण्यात आली आहे' वाचून मेकॅनिकचं नाव विचारणारा माणूस कुणालाच आवडत नाही. चांगल्या टीम तर झालेल्या चुकांचा आढावा घेताना मुद्दाम नावं गाळतात. पण 'चेकरने महिना न बघता मंजुरी दिली' असा टप्पा तरी तिथे स्वच्छ लिहिलेला असतो. आपल्या मेलमध्ये नावही नाही आणि टप्पाही नाही.

एचआरला नावं ठेवण्याआधी थोरामोठ्यांकडे पाहा. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन तिथल्या संसदेपुढे इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर बोलले. धोका मी पत्करला, तो फसला, त्याची पूर्ण जबाबदारी माझी, असं ते सरळ म्हणाले. पुढे मात्र, उद्दिष्ट साधताना 'गंभीर चुका झाल्या'. आणि लगेच, आम्ही याच्या मुळाशी जाऊ. धाडसाला 'मी', चौकशीला 'आम्ही', मधल्या चुका तेवढ्या बेवारस. मेलचा साचा अगदी हाच.

एवढं सांगूनही हात शिवशिवत असतील, तर 'रिप्लाय ऑल' न करता फक्त पाठवणाऱ्याला नम्रपणे विचारा: "मंजुरी देताना फाइलवरचा महिना कोण बघतं? पुढच्या महिन्यात कोण बघणार?" तासाभरात उत्तर येईल: "आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे." आणि खरंच घेतलेली असेल. वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये तुमच्या नावापुढे ती सापडेल: "सहकाऱ्यांशी समन्वय कमी पडत असल्याचे निदर्शनास आले आहे."