चाळीसची ट्यूब साठच्या बल्बला भारी कशी पडायची?

सध्या एक निरोप फिरतोय: “एलईडी घेताना फक्त वॉट बघा. जुन्या दिव्याचे वॉट भागिले सात, की झाला हिशोब. जास्त वॉट, जास्त उजेड. ल्युमेन म्हणजे कंपन्यांची धूळफेक.”

आधी ‘जास्त वॉट, जास्त उजेड’ हे घेऊ. वॉट सांगतो दिवा वीज किती खातो ते. उजेड किती पडतो ते ल्युमेन सांगतो. तारेच्या बल्बच्या काळात हा फरक कुणाला जाणवला नाही, कारण सगळे बल्ब साधारण सारखेच उधळे होते. साठचा बल्ब ७०० ल्युमेनच्या आसपास द्यायचा, शंभरचा १३०० च्या पुढे. त्यामुळे वॉटवरून उजेड ओळखता यायचा. एलईडीत ते जमत नाही. एकाच दुकानात ९ वॉटचा बल्ब ९०० ल्युमेन देतो आणि शेजारचा स्वस्तातला १२ वॉटचाही तेवढेच. बारावाला घेतलात तर उजेड तसूभरही वाढत नाही. रोज पाच तास लावला तर वर्षाला साडेपाच युनिटं मात्र जास्त जळतात.

भागिले सात हे तारेच्या बल्बला ढोबळमानाने चालून जातं. पण निरोपात ‘दिवा’ म्हटलंय, आणि घोळ तिथेच होतो. आपल्याकडे हॉलमध्ये बल्ब कुठे असायचा? ट्यूब असायची. ३६ वॉटच्या ट्यूबला सात ने भागा, पाच वॉट येतात. लावून बघा, हॉलचं देवघर होईल. ती ट्यूब अडीच हजार ल्युमेन किंवा त्याहून जास्त द्यायची, म्हणून तिच्या जागी साधारण २० ते २५ वॉटची एलईडी पट्टी लागते. (लोखंडी चोक वेगळी वीज खायचा, ते ट्यूबवर लिहिलेलं नसायचं.) खरं तर वॉटवरून उजेड कळत नाही हे चाळीसच्या ट्यूबने आपल्याला कधीच दाखवून दिलं होतं.

धूळफेकीबद्दल: आकडा फुगवणारे आहेतच, पण ते पकडता येतात. खोक्यावरचे ल्युमेन भागिले वॉट करा. साध्या घरगुती बल्बला ९० ते १२० च्या दरम्यान उत्तर आलं तर पटण्यासारखं आहे. बिननावाच्या ९ वॉटच्या खोक्यावर १६०० ल्युमेन छापलेले दिसले, तर ते परत ठेवा. बीईईचे, म्हणजे सरकारी ऊर्जाबचत संस्थेचे, तारेही याच भागाकारावर मिळतात, नुसत्या वॉटवर नाही.

ल्युमेनला एक मर्यादा मात्र आहे. तो एकूण उजेड सांगतो, कुठे पडतो ते नाही. आमच्या स्वयंपाकघरात ९०० ल्युमेनचा बल्ब ओट्याच्या समोरच्या भिंतीवर होता, म्हणजे उभं राहिलं की पाठीमागे. भाजी चिरताना सुरीवर माझीच सावली. वरच्या कपाटाखाली ५०० ल्युमेनची पट्टी लावली, तेव्हा कोथिंबिरीतली पिवळी पानं दिसायला लागली.