तारखेलाच साका निघाला

"तुमचा बैठकीतल्या विनोदावरचा लेख वाचला. माल वेळेत गेला नाही, बागायतदाराचं नुकसान झालं आणि तुम्ही बैठकीत कोट्या करता, हे काही पटलं नाही. आमच्या ऑफिसात साहेब असेच विनोद करतात. हसू येत नाही, हसावं लागतं. आधी चूक कोणाची ते ठरवा, मग काय हसायचं ते हसा."
एक वाचक, रत्नागिरी

ताई,

तुमचं 'हसावं लागतं' वाचलं आणि कान लाल झाले. तसं हसायला लावणारा साहेब मीही होतो. त्या लेखात ती गोष्ट मी सोयीस्कर गाळली होती. आता तीच आधी सांगतो.

तीन सीझन झाले त्याला. देवगडहून रात्री सुटलेला आमचा आंब्याचा टेम्पो पुण्याला चार तास उशिरा पोचला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळे जमले होते, तोंडं पडलेली. वातावरण हलकं करावं म्हणून मी ड्रायव्हरला म्हटलं, "टेम्पो घेऊन गेलास की होडी? वल्हवत गेलास काय?" सगळे खो खो हसले. तोही हसला, पण सगळ्यांच्या मागून, आणि नजर चपलांवर. मला वाटलं, जमली बैठक. पुढच्याच महिन्यात गगनबावड्याच्या घाटात त्याचा मागचा टायर गेला आणि ६० पेट्या भर उन्हात दुपारभर रस्त्यावर राहिल्या. टायर घासलाय हे त्याला आठवडाभर आधी माहीत होतं. का नाही सांगितलंस म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सांगितलं असतं तर परत होडी काढली असती तुम्ही."

म्हणजे माझ्या त्या विनोदाची किंमत ६० पेट्या. तुमच्या साहेबांचा विनोद बहुतेक ह्याच जातीचा असणार. त्याची खूण सोपी आहे: ज्याच्यावर विनोद होतो तो सगळ्यांत शेवटी हसतो आणि त्यानंतर त्या बैठकीत बोलत नाही.

आता लेखातली गोष्ट. ती मी तिथे दोन ओळींत उरकली आणि तिथेच फसलो. कोटी तेवढी दिसली, तिच्या आधीचं आणि नंतरचं दिसलंच नाही.

अक्षय्य तृतीयेसाठी पुण्याच्या मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याला ४०० पेट्या द्यायच्या होत्या, पाच डझनी, खायला तयार. कच्चा माल पेंढ्यात घालून पाठवला की व्यापारी त्याच्या गाळ्यावर पिकवून घेतो, तिथे दोन दिवस मागेपुढे चालतात. सणाचं गिऱ्हाईक मात्र पेटी उघडून त्याच दिवशी आमरस करणार. त्यामुळे आंबा आमच्या अढीत रंगावर यायला हवा होता. वेळेत निघाल्या १५० पेट्या. उरलेल्या २५० दोन दिवसांनी पोचल्या, तोवर सण उरकला होता. व्यापाऱ्यानं पेटीमागे २०० रुपये तोडले. म्हणजे ५० हजार गेले, आणि त्यातला मोठा वाटा ज्यांच्या बागेतला माल होता त्यांचा.

कारण वरवर सगळ्यांना माहीत होतं. अवकाळी पावसाचा अंदाज आला म्हणून आम्ही घाईनं फळ उतरवलं. हापूस चौदा आणे तयार झाला की काढायचा, हे आमच्याकडे शाळकरी पोराला माहीत असतं. फळाचे खांदे देठाच्या वर येतात, देठाशी खळगा पडतो, हिरवा रंग जरा फिकटतो. आम्ही त्या दिवशी बारा आण्यांवरही झेला लावला. असं फळ अढीत उशिरा पिकतं, एकसारखं पिकत नाही, कधी कधी सुरकुततं. आणि मी मात्र काढणीच्या दिवशीच बोटांवर आठ दिवस मोजून व्यापाऱ्याला तारीख देऊन बसलो.

बैठक दुपारी चारला, शेडमध्येच, रिकाम्या क्रेटवर बसून. आठ माणसं. मी व्यापाऱ्याशी आणि तिन्ही बागायतदारांशी आदल्या दिवशीच बोललो होतो, पैसे किती तुटले तेही त्यांना सांगून झालं होतं. हे मुद्दाम सांगतोय. ज्याचं नुकसान झालंय त्याला खबर जायच्या आधी आत हसणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा, तिथे मी तुमच्या बाजूचा आहे. बैठकीत आधी आकडे वाचले: ४००, १५०, २५०, ५० हजार. मग विचारलं, कुठे अडलं?

कोणी बोलेना. मुकादम पेंढ्याची काडी मोडत बसला. पॅकिंगच्या मावशी पदराशी चाळा करत होत्या. कोणीतरी "पाऊस..." म्हणून सुरुवात केली आणि सोडून दिलं. पावसावर ढकललं की कोणाचंच नाव येत नाही, त्यामुळे कोकणात अशा बैठका पावसापाशीच संपतात. चांगली पाच-सहा मिनिटं अशी गेली. तेव्हा मी म्हटलं:

"आंबा चौदा आणे झाल्याशिवाय काढू नये, हे मी तुम्हाला दर वर्षी सांगतो. तारीख मात्र मी दोन आण्यांवरच उतरवली."

हसले, पण जेवढ्यास तेवढं. आणि मग मावशी, मान वर न करताच, म्हणाल्या, "म्हणानच तेच्यात साको निघालो."

आता मात्र शेड हसली. ज्यांना साका माहीत नाही त्यांच्यासाठी: हापूस बाहेरून देखणा पिवळा असतो आणि कापला की आत गराचा पांढरट, स्पंजासारखा आंबूस भाग निघतो, तो साका. बाहेरून कळत नाही हीच त्याची खोड. माझ्या तारखेचं ह्याहून नेमकं वर्णन मलाही जमलं नसतं.

ते हसू विरतंय तोच त्या पुढे म्हणाल्या, "मी पाचव्या दिसाक अढी हुंगलंय. वास काय इलो नाय."

ताई, मला ती बैठक ह्या एका वाक्यासाठी हवी होती. पाचव्या दिवशी अढीच्या वरच्या थराखाली हात घातला की पिकायला लागलेल्या हापूसचा वास हाताला येतो. तो आला नाही म्हणजे आठव्या दिवशी माल तयार नसणार. तीन दिवस आधी हे शेडमध्ये एका माणसाला ठाऊक होतं. तीन दिवसांत व्यापाऱ्याला फोन करून २५० पेट्या दुसऱ्या कुणाकडून भरून घ्यायला सांगता आलं असतं. त्यांनी मुकादमाला सांगितलंही होतं. मुकादमानं ते पोटात ठेवलं, कारण टेम्पो आणि होडीच्या वेळी तोही त्या शेडमध्ये होता.

मी तेव्हा दुसरा विनोद केला नाही. जीभ वळवळत होती, खोटं कशाला सांगू. पण साहेब लोकांचं इथेच चुकतं: एक जमला की लगेच दुसरा, आणि मग बैठक त्यांच्या करमणुकीची होते. मी वही काढली आणि मावशी बोलल्या ते लिहून घेतलं. ते बघून मुकादमही बोलायला लागला.

आता चूक कोणाची हा तुमचा प्रश्न. ती ठरली, आणि त्याच बैठकीत. तारीख मी दिली होती, ती माझी चूक, आणि तुटलेल्या पैशांतला आमच्या कमिशनचा भाग मी बागायतदारांकडे वळवला. मुकादमानं निरोप दाबला, ही त्याची. त्याच्याशी मी संध्याकाळी एकट्यानं बोललो, त्या बोलण्यात विनोदाचा शब्द नव्हता. तुमचा क्रम आधी चूक, मग हसू. माझा अनुभव असा की आठ माणसं गप्प असताना साहेब चूक ठरवायला बसला, तर ती पावसाची तरी ठरते नाहीतर सगळ्यांत गरीब माणसाची. मावशींचं वाक्य बाहेर आल्याशिवाय मी न्याय केला असता, तर पहिला बळी बहुतेक त्यांचाच गेला असता: पॅकिंगला उशीर झाला म्हणून.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट मात्र कबूल करायलाच हवी. २०१४ साली नाले लेमन-विलेनब्रॉक आणि जोसेफ ॲलन ह्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जर्मनीतल्या कंपन्यांमधल्या ५४ टीमच्या बैठकांचं चित्रीकरण करून त्यांनी ते तपासलं होतं. सुटा विनोद त्यांनी मोजला नाही. एकानं विनोद करायचा, बाकीच्यांनी हसायचं, आणि त्यावर दुसऱ्यानं भर घालायची, अशी साखळी ते शोधत होते. अशा साखळीनंतर बैठकीत नव्या कल्पना आणि कामाचं बोलणं जास्त आढळलं, आणि त्या टीमचं कामही सरस दिसलं. पण जिथे लोकांना नोकरी जायची धास्ती होती, तिथे विनोदाचा आणि चांगल्या कामाचा हा संबंध दिसला नाही. आमच्या शेडची गोष्ट त्यात चपखल बसते. मावशींनी माझ्यावर भर घातली, कारण त्यांना कामावरून काढायची माझी छाती नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. सीझनला त्यांच्यासारखा हात मिळत नाही. तेच वाक्य रोजंदारीवर आलेल्या नव्या पोरानं उच्चारलं असतं का? मला नाही वाटत. माझी कोटी तीच, पण तो नुसता हसला असता. तुमच्यासारखा.

त्यामुळे तुमच्या ऑफिसात माणसं कराराच्या टांगत्या तलवारीखाली काम करत असतील, तर साहेबांनी विनोद सोडून आधी तेवढंच सांगावं की ह्या उशिरापायी कोणाची नोकरी जाणार नाही. जाणार असेल तर तेही सांगावं. त्या परिस्थितीत कोटी करू नये, कितीही सुचली तरी.

आणि साहेबांचा विनोद कुठल्या जातीचा ते ओळखायचं असेल, तर पुढच्या वेळी हसण्याकडे लक्षच देऊ नका. हसू थांबल्यावरचं पहिलं वाक्य कोण बोलतं तेवढं बघा. साहेबच बोलले, तर विनोद त्यांच्यापुरता होता. आधी गप्प असलेलं कोणी बोललं, आणि साहेबांना न आवडणारं बोललं, तर मात्र त्यांना माफ करा.

आमच्याकडे त्यानंतर एवढंच बदललं की तारीख आता काढणीच्या दिवशी देत नाही. पाचव्या दिवशी मावशी अढी हुंगतात आणि मग फोन जातो. व्यापारी कुरकुरतात, एकानं तर ऑर्डर दुसरीकडे नेली. ह्या वर्षीही एक खेप चुकली, तेव्हा खरोखरच पाऊस होता, आणि त्या बैठकीत कोणालाच विनोद सुचला नाही. मलाही नाही. पंधरा मिनिटांत संपली.

ड्रायव्हर अजून आमच्याकडेच आहे. टायरचं आता आधी सांगतो, पण मला नाही, मुकादमाला. त्याची माफी मी मागितली होती. "असूदे ओ," म्हणाला, आणि चपलांकडे बघितलं.