‘न सांगता दूध बंद केलं’ या अभिप्रायाला उत्तर

“दूध सात वाजता, पावसात पेपर भिजलेला. पैशांसाठी मात्र रात्री साडेआठला फोन. शेवटी न सांगता दूधच बंद केलं. एक स्टार.”

नमस्कार साहेब. पेपर भिजला ही आमची चूक, माफ करा. वेळेचं म्हणाल तर तुमचं घर टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडे, माझ्या दूध-पेपरच्या लाईनीच्या अगदी शेवटी आहे. उद्यमबागला पहिल्या पाळीला जाणाऱ्यांची घरं आधी करावी लागतात. गेट पडलं की दहा मिनिटं तिथंच जातात.

पण “न सांगता” हा शब्द मला लागला. रात्रीच्या फोनचं कारण सांगतो. उद्या किती पिशव्या लागणार ते मला आदल्या रात्री नऊच्या आत डीलरला कळवावं लागतं. पहाटे गाडी आली की क्रेट उतरवतानाच रोख मोजायची, तिथं उधारी नाही. उतरवलेलं दूध परतही जात नाही. पेपरचं बिल मला महिन्यानं येतं, म्हणून पेपर थांबवला नाही, तो आजही तुमच्या दारात पडतो. दुधाचे पैसे मात्र तुमच्या आधी मी भरलेले असतात. तुमच्या दोन पिशव्या घ्यायच्या की नाही हे साडेआठलाच ठरवावं लागतं, म्हणून त्या वेळी फोन केला.

वही समोर ठेवूनच लिहितोय. जुलै-ऑगस्टचे दिवस ६२, रोज दोन अर्ध्या लिटरच्या पिशव्या, म्हणजे १२४. ऑगस्टात तुम्ही चार दिवस गावाला गेलात, आम्हाला कळवलं नाही. पोरगा रोज कडीला पिशव्या अडकवत राहिला, चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंनी फुगलेल्या पिशव्या काढून टाकल्या. तरी ते चार दिवस मी खाडा धरले, आठ पिशव्या माझ्या अंगावर घेतल्या आणि ११६ चंच बिल केलं. ते घेऊन ५ सप्टेंबरला आलो, “पगार झाला की देतो” म्हणालात. १२ ला वहिनींनी “ते घरात नाहीत” म्हणून सांगितलं. १८ ला तुम्ही स्वतः फोन उचललात. तेव्हाच मी स्पष्ट म्हटलं होतं, परवापासून दूध जमणार नाही. त्याला न सांगता कसं म्हणायचं?

एका पिशवीमागे मला एक रुपया सुटतो. दोन महिन्यांचं बिल अडकलं की दुसऱ्यांच्या दुधासाठी मला हातउसने घ्यावे लागतात. बारा वर्षं शहापुरातून ही लाईन चालवतोय, पैशासाठी कुणाच्या दारात आवाज चढवला नाही.

पावसात पेपरला प्लॅस्टिक घालायला पोराला सांगितलंय, वेळेचंही जमेल तसं बघतो. गावाला जाताना रात्री आठच्या आत एक मेसेज टाका, खाडा नक्की धरीन. ११६ पिशव्यांचं तेवढं मिटवलंत, तर दुसऱ्या दिवशी पहाटे दूध तुमच्या कडीला असेल.