‘व इतर सर्व’

कार्यक्रम पार पाडणं सोपं असतं. तेव्हा निदान सगळे एका बाजूला असतात. वृत्तांताची पोस्ट लिहायची वेळ आली की लिहिणारा एकटा पडतो आणि बाकीचे आपापलं नाव शोधायला सज्ज होतात. ‘माझं नाव नको हं’ असं बजावणारा सगळ्यांच्या आधी पोस्ट उघडतो.

रूढ उपाय म्हणजे शेवटी परिच्छेदभर नावं आणि मागे ‘व इतर सर्व’. त्या परिच्छेदातलं एकच नाव प्रत्येक जण वाचतो, स्वतःचं. आणि ‘इतर सर्व’मध्ये आजवर कोणी राजीखुशीने बसलेलं नाही.

म्हणून मी नावं कामात पेरतो. ‘नोंदणी : अमुक, तमुक’ असं न लिहिता ‘दारात गर्दी तुंबली तेव्हा अमुकने नोंदणीचं दुसरं टेबल मांडलं, म्हणून व्याख्यान वेळेवर सुरू झालं’ असं लिहितो. वाचणाऱ्याला गोष्ट मिळते, अमुकला श्रेय. मात्र एका परिच्छेदाला दोनच नावं पेलतात; तिसरं आलं की हजेरीपट सुरू. शिवाय खुर्च्या उचलणाऱ्या आठ जणांना आठ पराक्रम कुठून आणायचे? त्यांचा खुर्च्या उचलतानाचा फोटो टाकायचा आणि ओळीत ‘डावीकडून’ म्हणून नावं द्यायची. तीच आठ नावं मजकुरात कंटाळवाणी वाटतात, पण फोटोखाली लोक चेहरे जुळवत आवडीने वाचतात.

खरी कसोटी फोटोग्राफरांची. त्यांचं नाव शेवटच्या आभारांत नाही, त्यांच्या फोटोखालीच हवं. इन्स्टाग्रामवर सगळ्या फोटोंना मिळून मजकूर एकच, म्हणून ‘१ ते ४ : अमुक, ५ ते ७ : तमुक’ असं लिहून प्रत्येक फोटोवर ज्याला त्याला टॅग करायचं. पण कुठला कोणाचा? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर साधे फोटो म्हणून पाठवले की मूळ फाइलचं नाव आणि आतली कॅमेऱ्याची माहिती दोन्ही गळून पडतात. उरतं ‘WA0031’ असलं काहीतरी. मग टाळ्यांच्या क्षणाच्या फोटोवर तिघे हक्क सांगतात आणि वक्त्यांचा तोंड उघडं असलेला फोटो कोणीच काढलेला नसतो. आता मी आधीच सांगून ठेवतो : फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाइलला स्वतःचं नाव द्या.

तरी एक सापळा उरतोच. कोपऱ्यात सही केलेला आडवा फोटो चौकोनात बसवला की सर्वांत आधी सहीच कापली जाते. वक्त्यांचा अर्धा कान गेला तर कोणी बोलत नाही. सही गेली की फोन येतो.

शिवाय फोटोग्राफर स्वतः एकाही फोटोत नसतात. ही उणीव भरून काढायला मी एकदा त्यांच्यातल्या एकाचा फोटो काढून पोस्टमध्ये टाकला. त्याचा लगेच निरोप आला, ‘याच्याखाली तुमचं नाव ठळक टाका. नाहीतर लोकांना मी काढलाय असं वाटेल.’