आज म्हणजे आज नव्हे

आमच्या बाबांचा कॉम्प्युटरवर जेवढा विश्वास आहे तेवढा त्यांच्या पोटच्या पोरावर कधीच नव्हता. त्यामुळे 'आपला पाल्य आज लेक्चरला गैरहजर होता' असा मेल त्यांच्या मोबाइलवर पडला, तेव्हा माझी बाजू ऐकून घ्यायचा प्रश्नच आला नाही.

"कुठं होतास?"

"बाबा, वर्गात होतो. पहिल्या बाकावर होतो."

"पहिल्या बाकावर?" इथे बाबांचा उरलासुरला संशयही फिटला. "मशीन कशाला खोटं बोलेल?"

फोनवर मागून आईचा आवाज आला, "डबा तरी खाल्लास का?"

माझ्यामागे कँटीनच्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात फोन होता आणि प्रत्येक जण कुणाची तरी शपथ घेत होता. तेव्हा लक्षात आलं, की प्रकरण माझ्यापुरतं नाही. त्या दिवशी आमच्या कॉलेजात एकही विद्यार्थी आलेला नव्हता. निदान मंद्याच्या स्क्रिप्टचं तसं म्हणणं होतं.

मंदार ऊर्फ मंद्या हा आमच्या वर्गातला सज्जन मुलगा. सरांना रोज दोन डिव्हिजनची हजेरी घ्यायला पंधरा मिनिटं लागायची आणि तेवढ्यात निम्मी प्रॉक्सी उरकायची. मंद्याने तोडगा काढला. सरांनी फळ्यावर रोज नवा कोड लिहायचा, मुलांनी गूगल फॉर्ममध्ये रोल नंबर आणि तो कोड भरायचा. उत्तरं आपोआप शीटमध्ये जातात. मग संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान स्क्रिप्ट चालणार, आजच्या तारखेच्या ओळी शोधणार आणि ज्यांचा नंबर सापडणार नाही त्यांच्या घरी मेल टाकणार. सर इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांसमोर मंद्याची पाठ थोपटली. ती पाठ नंतर आम्हीही थोपटली, पण जरा जोरात.

बरं, मंद्याने टेस्टिंग केलं नव्हतं असंही नाही. हॉस्टेलच्या खोलीत बसून, रविवारी, त्याने चार मित्रांचे नंबर यादीत घातले आणि स्क्रिप्ट चालवली. चौघेही गैरहजर आले. रविवारी कोण हजर असणार? टेस्ट पास! जी स्क्रिप्ट सगळ्यांना कायम गैरहजरच ठरवते, ती रविवारी तंतोतंत बरोबर असते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एखाद्याने एक खोटी हजेरी भरून पाहिली असती तरी भांडं तिथंच फुटलं असतं.

संध्याकाळी सगळी गँग लॅबमध्ये जमली. शीट उघडली. जमलेल्या सगळ्यांच्या ओळी जागेवर, तारीख आजची, वेळ सकाळची, कोड बरोबर. मग स्क्रिप्ट उघडली. दोन्ही तारखांमधली वेळ काढून टाकून त्या मध्यरात्रीवर आणून ठेवल्या होत्या, म्हणजे फक्त दिवसाची तुलना व्हावी. इथवर मंद्याचं डोकं अगदी ताळ्यावर होतं. मग ही ओळ होती:

```javascript
if (din == aaj) hajar.push(row[1]);
```

`din` म्हणजे फॉर्म भरल्याचा दिवस, `aaj` म्हणजे आज. दोन्ही छापून पाहिले. तारीख, वार, तास, मिनिट, सेकंद, काना-मात्रेचाही फरक नाही. तरी स्क्रिप्ट म्हणे, समान नाहीत.

एका सीनियरने मागून सल्ला दिला, "अरे, जावास्क्रिप्ट आहे ही. अजून एक बरोबरचं चिन्ह टाक." टाकलं. दोनाचे तीन झाले. सगळे पुन्हा गैरहजर, आता जास्त ठामपणे.

शेवटी मंद्याने वैतागून तिन्ही प्रकारे विचारून पाहिलं:

```
din >= aaj   true
din <= aaj   true
din == aaj   false
```

ह्या तीन ओळींकडे आम्ही बराच वेळ बघत बसलो. आज हा आजपेक्षा लहान नाही, मोठा नाही, आणि तरी आजच्या बरोबर नाही. गणिताच्या मॅडम तिथून चालल्या होत्या. त्यांनी स्क्रीनवर नजर टाकली आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या.

भानगड अशी की जावास्क्रिप्टमध्ये तारीख हा साधा आकडा नसतो, तो एक ऑब्जेक्ट असतो. तुमच्या खिशात दहाची नोट आहे आणि माझ्याही खिशात दहाची नोट आहे. `>=` आणि `<=` विचारतात, किंमत काय? त्यासाठी ते तारखेचा आकडा करून घेतात, म्हणजे 1 जानेवारी 1970 पासून किती मिलीसेकंद झाले ते. पण दोन्हीकडे ऑब्जेक्ट असले की `==` किंमत बघतच नाही. ते विचारतं, ही तीच नोट आहे का? नाही. मग समान नाहीत, विषय संपला. तीन चिन्हांनीही हाच प्रश्न विचारला जातो, म्हणून सीनियरचा सल्ला वाया गेला. मंद्या पायथनवर वाढलेला. तिथे दोन तारखांना `==` लावलं की मुकाट्याने किंमत तपासली जाते, त्यामुळे त्याला ह्यात काही खोट दिसलीच नव्हती.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे जावाच्या पेपरात आम्ही सगळ्यांनी '`==` आणि `equals` यांतील फरक सांगा' ह्याचं उत्तर घोकून लिहिलं होतं. पैकीच्या पैकी मार्क. परीक्षेत लिहिलेलं लॅबमध्ये वापरायचं असतं, असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. दोघांनाही आधी आकडा करायचं आणि मग तुलना:

```javascript
if (din.getTime() === aaj.getTime()) hajar.push(row[1]);
```

पण तोवर मेल गेलेले होते. सगळे नाही. मंद्याने स्वतःच्या साध्या जीमेल खात्यावरून ही यंत्रणा चालवली होती आणि अशा खात्यावरून स्क्रिप्टला दिवसाला शंभर जणांनाच मेल पाठवता येतात. त्यानंतर `Service invoked too many times for one day: email` असं म्हणून ती आडवी झाली. त्यामुळे शंभराच्या पुढचे रोल नंबर सुटले. आडनाव 'श' किंवा 'व'पासून सुरू होण्याचा फायदा आमच्यात त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाला झाला असेल. मंद्याचा स्वतःचा नंबर अलीकडचा. त्याच्या खात्यावरून, त्याच्या वडिलांना, तो गैरहजर असल्याचा मेल गेला होता.

खरी मजा पुढे. त्या दिवशी चौघे जण खरोखरच पिक्चरला गेले होते. त्यांच्याही घरी मेल गेला, आणि त्यांनीही घरी सांगितलं, "स्क्रिप्ट चुकलीय, सगळ्यांनाच आलाय." घरच्यांनी इतर पालकांना फोन करून खात्री केली. ज्यांना विचारलं त्या सगळ्यांना खरंच आला होता. दुसऱ्या दिवशी सरांनी कटकट नको म्हणून संपूर्ण वर्गाला हजेरी देऊन टाकली. पिक्चरवाल्यांसकट.

मला मात्र घरी स्क्रीनशॉट, दोन मित्रांची साक्ष आणि सरांचा मेसेज एवढं सादर करावं लागलं. बाबा म्हणाले, "बघू."

नंतर स्क्रिप्ट बिनचूक चालू लागली आणि महिनाअखेरीस पहिली डिफॉल्टर लिस्ट लागली. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली निम्मा वर्ग. एकही नाव चुकीचं नव्हतं. त्या संध्याकाळी हॉस्टेलवर मंद्याच्या खोलीत एक शिष्टमंडळ गेलं, मीही होतो.

"मंद्या, ते जुनं दोन चिन्हांचं परत टाकता येईल का? गणपतीपुरतं."

"अरे, मग सगळेच गैरहजर होतील."

"तेच तर. सगळे झाले की सर सगळ्यांना देतात."

मंद्याने लॅपटॉप उघडला. "पण ह्या वेळी मेल कॉलेजच्या खात्यावरून जातात," तो म्हणाला. "शंभरावर थांबणार नाहीत."

मागच्या रांगेतल्या एका 'श'ने तिथल्या तिथे पाठिंबा काढून घेतला.