साक्षीदाराला आलेले पत्र आणि ‘नाव कुणालाही कळणार नाही’ हे आश्वासन

“ऑफिसच्या अंतर्गत समितीचे साक्षीदार म्हणून पत्र आले तर सावध! पत्र आले म्हणजे तुमचेही नाव अडकले. जाणे बंधनकारक नाही. गेलातच तर ‘नाव कुणालाही कळणार नाही’ असे लिहून घ्या, मग काही होत नाही. जबाब समितीच लिहिते, आपण फक्त सही करायची.”

हा मजकूर परवा आमच्या कुटुंबाच्या गटात माझ्या भाचीने टाकला आणि खाली विचारले, “मामी, मी जाऊ की नको?” तिला गुरुवारी साक्षीसाठी बोलावले आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अशा समित्यांवर मी काही वर्षे बाह्य सदस्य म्हणून काम करते, त्यामुळे तिला दिलेले उत्तर इथे सविस्तर लिहीत आहे.

नाव अडकण्याच्या भीतीत अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याला पाठवायच्या पत्राचा मसुदा जसाच्या तसा साक्षीदाराला पाठवणाऱ्या समित्या मी पाहिल्या आहेत. असे पत्र हातात पडले की माणूस घाबरणारच. पत्रात पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिलेले असावे: “आपल्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. समितीसमोरील एका तक्रारीच्या संदर्भात आपल्याला माहिती असण्याची शक्यता असल्याने आपणांस साक्षीदार म्हणून बोलावण्यात येत आहे.” ‘छळाची घटना’ असे लिहू नये, कारण छळ झाला की नाही हे अजून ठरायचे आहे. तारीख, वेळ, खोली, समोर कोण बसणार आणि अंदाजे किती वेळ लागेल, एवढे लिहून पत्र बंद पाकिटात हातोहात द्यावे.

जाणे ऐच्छिक आहे, हे चूक आहे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या २०१३ च्या अधिनियमातील कलम ११ नुसार चौकशीपुरते समितीला साक्षीदारास हजर करवण्याचे आणि शपथेवर तपासण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

सर्वांत घातक आहे ते लिहून घेण्याचे आश्वासन. ते कुठलीही समिती प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. या अधिनियमाखालील नियमांनुसार तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, असे दोघेही आपापल्या साक्षीदारांची नावे व पत्ते समितीला देतात आणि तक्रारीची प्रत समोरच्याला पाठवली जाते. आपल्याविरुद्ध काय सांगितले गेले हे त्याला कळले पाहिजे, त्यावर उत्तर देण्याची संधी मिळाली पाहिजे. ही संधी नीट न मिळाल्यास काय होते ते गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. तिथल्या समितीने २००९ मध्ये घाईघाईने चौकशी उरकली. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आरोप असलेल्या प्राध्यापकांना बचावाची पुरेशी संधी मिळाली नाही म्हणून, त्यावर आधारलेली कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. तिथे प्रश्न घाईचा होता, लपवलेल्या नावाचा नव्हता. पण समोरच्यापासून साक्ष दडवून ठेवली तरी चौकशी याच कारणाने मोडू शकते, आणि मग ज्या तक्रारदारासाठी आपण बोललो तिलाच सगळे पुन्हा सांगत बसावे लागते.

कलम १६ जे देते ते वेगळे आणि ठोस आहे. तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि साक्षीदार यांची ओळख, तसेच चौकशीचे कामकाज जनतेला, वृत्तपत्रांना किंवा इतर माध्यमांना कळवता येत नाही. म्हणून पत्रात असे वाक्य हवे: “आपले नाव व जबाब समिती, दोन्ही पक्ष आणि अहवाल स्वीकारणारे नियोक्ते यांच्यापुरते राहतील, न्यायालयाने मागितल्यास अभिलेख सादर करावा लागेल. आपणही या विषयावर सहकाऱ्यांशी चर्चा करू नये.” हे वाचून साक्षीदार थोडा बिचकेल, पण नंतर फसवल्यासारखे त्याला वाटणार नाही.

सहीबद्दल भाचीला मी एवढेच बजावले की वाचल्याशिवाय करायची नाही. जबाब प्रथमपुरुषी, क्रमांक दिलेल्या छोट्या परिच्छेदांत असावा आणि पाहिलेले व ऐकलेले वेगळे लिहिलेले असावे. समजा समितीच्या लेखनिकाने लिहिले, “ते तिला त्रास देत होते.” हा निष्कर्ष झाला. साक्षीदार स्त्रीने प्रत्यक्षात सांगितलेले असे आहे: “मी पाण्याच्या यंत्राजवळ उभी होते. त्यांनी तिचा हात धरला, तिने तो सोडवला. काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही.” शेवटचे वाक्यही जबाबात आलेच पाहिजे, कारण उलटतपासणीत नेमके तेच विचारले जाते. चुकीचा शब्द एका रेघेने खोडून, वर योग्य शब्द लिहून, शेजारी स्वतःची लघुस्वाक्षरी करावी. प्रत्येक पानावर सही, शेवटी तारीख, सुरुवातीची व संपल्याची वेळ आणि “वाचून पाहिले, माझ्या सांगण्याप्रमाणे आहे” ही ओळ असावी. चौकशीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर असावे लागतात. त्यांच्याही सह्या त्याच पानावर घ्याव्यात.

भाचीने मला पत्राचा फोटो पाठवला. त्यात गुप्ततेची ओळ फक्त “सर्व माहिती गुप्त राहील” एवढीच आहे. गुरुवारी गेल्यावर, बोलायला सुरुवात करण्यापूर्वी, “ही माहिती कोणाकोणाला कळेल?” हे तिने विचारावे आणि मिळालेले उत्तर जबाबाच्या पहिल्या परिच्छेदात लिहून घ्यायला सांगावे.