मावशीने कधीच न उघडलेलं खातं

गेल्या महिन्यात कराडला मावशीकडे गेले होते. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या गावातल्या दुकानात दोनदा संपल्या होत्या, म्हणून म्हटलं ऑनलाइन मागवून देऊ. औषधांचं एक अ‍ॅप तिच्या फोनवर घेतलं. मोबाईल नंबर टाकला, ओटीपी आला. पुढच्या पानावर नाव आणि ईमेल विचारला, तो टाकला आणि खाली लाल अक्षरांत आलं: "This email is already registered."

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "मावशी, तू आधी कधीतरी उघडलं असशील, विसरलीस." ती म्हणाली, "अगं, मी कशाला उघडू? आत्ता तर नाव ऐकलं याचं." तिचं खरं होतं आणि माझं चुकलं होतं. वयस्कर माणसांना आपण हेच ऐकवतो आणि ती बिचारी मान्यही करून टाकतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

असं होण्याची एक-दोन साधी कारणं असतात, ती आधी बघून घ्यावीत. पूर्वी कधी "Sign in with Google" दाबलं असेल तर पासवर्ड न ठेवताही खातं तयार झालेलं असतं. अशा अ‍ॅप्सची यादी `myaccount.google.com/connections` या पानावर दिसते. मावशीच्या यादीत हे अ‍ॅप नव्हतं. कधी कधी दुकानदार किंवा एजंट ऑर्डर टाकताना आपलाच ईमेल वापरून खातं उघडून देतो. तसंही झालं नव्हतं.

मग तिच्या जीमेलच्या शोधपट्टीत अ‍ॅपचं नाव टाकलं. 'प्रमोशन्स' कप्प्यात अकरा मेल निघाले. तो कप्पा ती कधीच उघडत नाही. सगळ्यात जुना मेल गेल्या दिवाळीतला होता, स्वागताचा, आणि त्यात नाव भलत्याच बाईंचं. आडनाव मात्र मावशीचंच. बाकीचे दहा ऑर्डरचे होते. त्या बाई कोणत्या गोळ्या घेतात आणि महिन्याला किती, हे सगळं मावशीच्या फोनवर येऊन पडत होतं.

आता एक बारीक गोष्ट. मेल उघडून पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबला की मेल नेमका कोणत्या पत्त्यावर पाठवला ते दिसतं. मावशीच्या पत्त्यात मध्ये टिंब आहे, या मेलवरच्या पत्त्यात ते नव्हतं. जीमेल टिंबं मोजत नाही. `tumche.nav@gmail.com` आणि `tumchenav@gmail.com` हा एकच पत्ता, एकाच माणसाचा. (हे फक्त @gmail.com ला लागू. ऑफिसच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यांना नाही.) म्हणजे टिंब नसलेला पत्ता त्या बाईंचा असूच शकत नव्हता. बहुधा त्यांच्या पत्त्याच्या शेवटी एखादा आकडा असेल आणि टाइप करताना तो राहून गेला असेल. इतकी साधी चूक कुणाच्याही हातून होते.

त्यांना मी दोष देत नाही. दोष अ‍ॅपचा आहे. मोबाईल नंबर तुमचाच आहे ना, हे त्यांनी ओटीपी पाठवून तपासलं. ईमेल मात्र टाइप केला तसा ठेवून घेतला, खातरजमेची लिंक पाठवलीच नाही. अकरा मेलमध्ये तसा एकही मेल नव्हता. आणि हाच न तपासलेला ईमेल "एका ईमेलला एकच खातं" या नियमाला धरला. त्यामुळे खऱ्या मालकिणीला दाराबाहेर उभं केलं आणि चुकून आलेल्या बाईंच्या नावावर घर करून दिलं. कस्टमर केअरला फोन केला तर एकच उत्तर, "मॅडम, फर्गॉट पासवर्ड करा."

माझा मावसभाऊही तेच म्हणाला. लिंक मावशीच्याच मेलवर येणार, पासवर्ड बदला आणि वापरा. मी करू दिलं नाही. एक तर ते खातं त्या बाईंचं आहे, त्यांचे डॉक्टरांचे कागद त्यात असणार, ते उघडून बघण्याचा आपल्याला अधिकार नाही. दुसरं, खात्यावरचा मोबाईल त्यांचाच राहणार, म्हणजे आपल्या ऑर्डरचा ओटीपी त्यांना जाणार, डिलिव्हरीवाल्याचा फोनही त्यांनाच. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: पासवर्ड बदलला तरी आधीपासून लॉगिन असलेला फोन बाहेर पडेलच असं नाही. मग मावशीचा पत्ता आणि औषधं तिकडे दिसत राहतील.

इथे समोर एक साधी गृहिणी होती. पण कुणी हे मुद्दाम केलं तर? तुमच्या ईमेलवर आधीच खातं उघडून ठेवायचं, लॉगिन राहायचं आणि तुम्ही पासवर्ड बदलून आत यायची वाट बघायची. याला प्री-हायजॅकिंग म्हणतात. अविनाश सुधोदनन आणि अँड्र्यू पॅव्हर्ड या संशोधकांनी २०२२ मध्ये ७५ लोकप्रिय सेवा तपासल्या, त्यातल्या किमान ३५ मध्ये या प्रकारची एक तरी फट सापडली. मूळ कारण तेच, ईमेल कुणाचा आहे हे न तपासता खातं चालू करणं. म्हणून ज्यांना रीसेट करावंच लागतं त्यांनी आत गेल्या गेल्या "Log out of all devices" दाबावं, अनोळखी मोबाईल नंबर, दुसरा ईमेल किंवा जोडलेलं सोशल लॉगिन आहे का बघावं, आणि ते निघेपर्यंत कार्ड टाकू नये. सगळ्या फोनवरून बाहेर पडण्याची सोयच नसेल तर ते खातं वापरूच नये.

आम्ही तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमावाच लागतो. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. त्याचा पत्ता अ‍ॅपच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. मेल मावशीच्या त्याच ईमेलवरून पाठवला, कारण पत्ता आपला आहे याचा तोच पुरावा. मजकूर चार ओळींचा: हा ईमेल माझा आहे, हे खातं मी उघडलेलं नाही, खात्यातून माझा ईमेल काढा, आणि खातेदाराला त्यांच्या तपासलेल्या मोबाईलवर कळवा. त्यांचं खातं बंद करा असं मुद्दाम लिहिलं नाही. त्यांच्या गोळ्या थांबायला नकोत.

तोवर `tumchenav+aushadh@gmail.com` असा अधिकचं चिन्ह घातलेला पत्ता देऊन बघितला. मेल येतो आपल्याच पेटीत, पण अ‍ॅपला तो वेगळा वाटतो. काही अ‍ॅप्स हे चालवून घेतात, या अ‍ॅपने "Invalid email" म्हणून परत केला.

पोच दुसऱ्या दिवशी आली, नवव्या दिवशी ईमेल सुटला. मावशीचं खातं उघडलं, गोळ्या आल्या. त्या नऊ दिवसांत ती मला दोनदा फोनवर विचारत होती, "त्या बाईंना त्यांची बिलं मिळत नसतील गं?" पुरावा म्हणून ठेवलेले ते अकरा मेल तिने मग स्वतः एकेक करून पुसले. आतलं काही न वाचता.